एक ‘शिवाय’, इंग्रजीत तीन शब्द: कामाची पत्रं इंग्रजीत लिहायला लागलेल्यांसाठी

भोसरीच्या एमआयडीसीत मशीन दुरुस्तीचं एक वर्कशॉप आहे. तिथून ग्राहकांना जाणारे इंग्रजी मेल गेली बारा वर्षं माझ्या नजरेखालून जातात. दर पावसाळ्यात डिप्लोमा झालेली दोन-चार मुलं-मुली नव्याने कामाला लागतात. कुणी लातूरकडची असतात, कुणी जुन्नर-आंबेगावची. मशीन त्यांना लवकर कळतं, इंग्रजी स्पेलिंगही बहुतेकांचं बरं असतं. चूक होते ती चार-पाच अक्षरी बारक्या शब्दांत, आणि तिथे झालेली चूक कुणाला दिसत नाही. वाक्य व्याकरणाने अगदी बरोबर असतं, फक्त त्याचा अर्थ भलताच असतो.

एकदा मी चार दिवस रजेवर होते तेव्हा एका मुलाने कोइमतूरच्या ग्राहकाला मेल पाठवला. त्याच्या मनात होतं ते असं, आणि त्यातली पीओ म्हणजे ग्राहकाची लेखी खरेदी-ऑर्डर:

मशीन शुक्रवारपर्यंत दुरुस्त होईल. आमचा माणूस दोन दिवसांत येईल. बेअरिंगशिवाय बाकी सगळ्या पार्टना सहा महिन्यांची वॉरंटी आहे. तुमची पीओ येत नाही तोपर्यंत काम सुरू करता येणार नाही.

आणि त्याने लिहिलं ते असं:

वी विल रिपेअर द मशीन टिल फ्रायडे. अवर टेक्निशियन विल कम इन टू डेज. बिसाइड्स बेअरिंग्ज, ऑल पार्ट्स हॅव सिक्स मंथ्स वॉरंटी. वी कॅनॉट स्टार्ट अंटिल यू डोन्ट सेंड द पीओ.

चारही वाक्यांत गडबड आहे. पण पैशाला लागली ती तिसऱ्या वाक्यातली. तीन महिन्यांनी त्या मशीनच्या स्पिंडलचं बेअरिंग गेलं. ग्राहकाने हाच मेल समोर ठेवला आणि वॉरंटी मागितली. वाक्य खरंच त्यांच्या बाजूचं होतं, कारण त्या वाक्याचा इंग्रजीतला अर्थ ‘बेअरिंगला तर वॉरंटी आहेच, वर बाकी सगळ्या पार्टनाही आहे’ असा होतो. बेअरिंगचा सेट पदरचे पैसे घालून बदलून द्यावा लागला.

तेव्हापासून नव्या मुलांना मी इंग्रजी शब्दांच्या जोड्या पाठ करायला सांगणं सोडून दिलं. ‘दोघांत बिट्वीन, अनेकांत अमंग’ असं शाळेत पाठ करूनच ती आलेली असतात. चूक इंग्रजी शब्दापाशी सुरू होतच नाही, ती मराठी शब्दापाशी सुरू होते. मराठीत एका शब्दयोगी अव्ययावर आपण दोन-तीन अर्थ सहज चालवतो, ऐकणाऱ्याला संदर्भावरून कळतं. इंग्रजीत त्या प्रत्येक अर्थाला वेगळा शब्द आहे. त्यामुळे आधी आपल्या मराठी शब्दाला विचारायचं, बाबा रे, तुझा आत्ता कोणता अर्थ आहे? उत्तर मिळालं की इंग्रजी शब्द निवडणं अवघड राहत नाही.

त्यासाठी सुरुवातीचे काही महिने एवढं करा. महत्त्वाचं वाक्य आधी वहीत मराठीत लिहा. त्यातल्या शिवाय, मध्ये, पर्यंत आणि ‘दोन दिवसांत’सारख्या शब्दांखाली रेघ ओढा. प्रत्येकाला एक ठरलेला प्रश्न आहे, तो विचारा आणि मगच इंग्रजी लिहा. शेवटी मराठी वाक्य हाताने झाका आणि लिहिलेलं इंग्रजी पुन्हा मराठीत मोठ्याने म्हणा. ते प्रश्न कोणते, ते आता एकेक करून बघू.

‘शिवाय’ला विचारा: आत मोजलंय की बाहेर?

ही दोन वाक्यं बघा. ‘मराठीशिवाय तिला तीन भाषा येतात.’ ‘रविवारशिवाय दुकान रोज उघडं असतं.’ पहिल्यात मराठी तर येतेच, वर आणखी तीन येतात, म्हणजे मराठी आत मोजली. दुसऱ्यात रविवार वगळला, म्हणजे तो बाहेर ठेवला. शब्द तोच, पण एकदा अधिक आणि एकदा वजा. मराठीत आपल्याला कधी अडचण येत नाही, कारण दुकान आणि रविवार म्हटल्यावर पुढचं आपणच समजून घेतो.

इंग्रजीत ‘अधिक’ला बिसाइड्स आणि ‘वजा’ला एक्सेप्ट. ‘बिसाइड्स मराठी, शी स्पीक्स थ्री लँग्वेजेस’ हे बरोबर आहे आणि तिच्या भाषा होतात चार. ‘द शॉप इज ओपन एव्हरी डे एक्सेप्ट संडे’ हेही बरोबर. दुसऱ्या वाक्यात बिसाइड्स घातलंत तर रविवारीसुद्धा दुकान उघडं आहे असा अर्थ निघू शकतो, आणि रविवारी कुणीतरी बंद शटरसमोर येऊन उभं राहतं. आमच्या बेअरिंगचं नेमकं हेच झालं. बाहेर ठेवायचं होतं, शब्द आत मोजणारा वापरला.

तपासायची सोपी युक्ती अशी: ‘शिवाय’च्या जागी ‘वगळून’ घालून वाक्य म्हणून बघा. ‘बेअरिंग वगळून बाकी सगळ्या पार्टना वॉरंटी आहे’ हे मनातल्या अर्थाशी जुळतं, म्हणजे एक्सेप्ट. ‘मराठी वगळून तिला तीन भाषा येतात’ असं म्हटलं की मराठी येत नसल्यासारखं वाटतं, म्हणजे तिथे बिसाइड्स.

एका ठिकाणी हे दोन्ही शब्द एकच होतात, ते माहीत असू द्या. वाक्य नकारार्थी असेल तर बिसाइड्सही ‘वगळून’चं काम करतो. ‘नोबडी बिसाइड्स हिम हॅज द की’ म्हणजे किल्ली त्याच्याशिवाय कुणाकडे नाही, आणि तिथे एक्सेप्ट घातलं तरी अर्थ तोच राहतो. बहुतेकांचा गोंधळ इथूनच सुरू होतो असं मला वाटतं. अशी नकारार्थी वाक्यं कानावर पडलेली असतात, म्हणून बिसाइड्स म्हणजे ‘वगळून’ हे डोक्यात पक्कं बसतं आणि मग ते होकारार्थी वाक्यातही वापरलं जातं. नव्या माणसाने वगळायचं असेल तिथे सरळ एक्सेप्ट लिहावं, ते दोन्हीकडे चालतं.

‘शिवाय’चा तिसरा अर्थ म्हणजे ‘नसताना’. ‘हेल्मेटशिवाय आत येऊ नका’ यात अधिकही नाही आणि वजाही नाही. तिथे विदाउट. आणि हाच ‘शिवाय’ क्रियापदाला लागला, ‘पीओ आल्याशिवाय’, की इंग्रजीत बहुधा अनलेस किंवा अंटिल लागतो. त्याकडे ‘पर्यंत’पाशी येऊ.

आता बिसाइड, म्हणजे शेवटचा ‘स’ नसलेला शब्द. याचा ‘शिवाय’शी काही संबंध नाही. हा साधा ‘शेजारी’ आहे. तो शब्दच मुळात ‘बाजूला’ या अर्थाच्या दोन जुन्या इंग्रजी शब्दांचा बनलेला आहे, आणि साइड त्यात अजून ऐकू येतं. ‘द कॅन्टीन इज बिसाइड द गेट’ म्हणजे कॅन्टीन गेटच्या बाजूला आहे. ‘बिसाइड द पॉइंट’ म्हणजे मुद्द्याच्या बाजूला पडलेलं, मुद्द्याशी संबंध नसलेलं. बिसाइड्समधला ‘स’ अनेकवचनाचा नाही. एक गेट असलं की बिसाइड आणि दोन असली की बिसाइड्स, असं समजून लिहिणारी मुलं मी पाहिली आहेत, म्हणून सांगते.

एका ‘स’ने केवढा फरक पडतो ते या जोडीत दिसेल. ‘नोबडी सॅट बिसाइड हर’ म्हणजे तिच्या शेजारी कुणी बसलं नाही. ‘नोबडी सॅट बिसाइड्स हर’ म्हणजे तिच्याशिवाय कुणी बसलं नाही, एकटी तीच बसली, बाकी सगळे उभे होते. पहिलं वाक्य ऐकून वाईट वाटतं. दुसऱ्यात कदाचित खुर्चीच एक असेल. स्पेलचेकरला दोन्ही शब्द बरोबरच दिसतात, त्यामुळे हा ‘स’ तुमचा तुम्हालाच पकडावा लागतो.

‘मध्ये’ला विचारा: सुटे सुटे की घोळका?

शाळेतला नियम असा की दोन असतील तर बिट्वीन आणि दोनाहून जास्त असतील तर अमंग. हा नियम अर्धाच खरा आहे. बिट्वीन या शब्दात जुन्या इंग्रजीतला ‘दोन’ दडलेला आहे हे खरं, पण दोनाहून जास्त गोष्टींसाठी तो अगदी सुरुवातीपासून वापरला गेला आहे आणि ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीनेही तशी नोंद केली आहे. अमंगचं मूळ ‘घोळक्यात, मिसळलेल्यांत’ असं आहे. म्हणून किती आहेत ते मोजत बसू नका. एकेकाचा एकेकाशी संबंध सांगायचा आहे, की सगळ्यांचा मिळून एक घोळका आहे, एवढं विचारा.

शॉप फ्लोअरवर दहा मशीन आहेत आणि त्यांच्यामध्ये तीन-तीन फूट जागा सोडायची आहे. इथे मशीन दहा असूनही ‘लीव्ह थ्री फीट बिट्वीन द मशीन्स’ असंच येणार, कारण जागा या मशीनपासून त्या मशीनपर्यंतची आहे, जोडीजोडीने. तिथे अमंग लिहिलं तर तीन फूट नेमके कुठे सोडायचे ते कळणार नाही. उलट, आलेल्या पन्नास बोल्टमध्ये दोन बोल्ट आखूड निघाले, तर तो ढीग आहे, त्यात हे दोन मिसळलेत. तिथे अमंग.

माणसांच्या बाबतीत अर्थ आणखी बदलतो. ‘मॅनेजर कामगारांमध्ये उभा होता’ असं मराठीत म्हटलं की तो त्यांच्यात मिसळून उभा होता असं चित्र दिसतं. इंग्रजीत ते ‘अमंग द वर्कर्स’. ‘बिट्वीन द वर्कर्स’ लिहिलंत तर दोन्ही बाजूंना कामगार आणि हा मधोमध, जणू भांडण सोडवायला उभा आहे, असं दिसतं.

दोन्ही शब्द एकाच विषयात कसे शेजारी शेजारी येतात ते कृष्णेच्या पाण्यावरून छान कळतं. महाबळेश्वरला उगम पावणाऱ्या या नदीच्या पाण्यावरून महाराष्ट्र, कर्नाटक आणि तेव्हाचा आंध्र प्रदेश या तीन राज्यांचा तंटा होता आणि १९६९ साली त्यासाठी बच्छावत लवाद नेमला गेला. राज्यं तीन, तरी तंट्याला ‘डिस्प्यूट बिट्वीन थ्री स्टेट्स’ म्हणणंच योग्य, कारण प्रत्येक राज्याची प्रत्येकाविरुद्ध स्वतंत्र बाजू होती. करार, तंटा, फरक, सीमा आणि बोलणी यांत पक्ष सुटे सुटे ओळखू येतात, म्हणून तिथे पक्ष कितीही असले तरी बिट्वीन. पण लवादाने पाणी वाटलं, ते तीन राज्यांच्या गटात वाटलं गेलं. ते वाटप ‘अमंग द थ्री स्टेट्स’.

वाटपात मात्र एक खाच आहे आणि तिथे कोणताच शब्द तुम्हाला तारत नाही. समजा इन्सेन्टिव्हचे ९०,००० रुपये रात्रपाळीचा फोरमन आणि त्याचे दोन हेल्पर यांच्यात वाटायचे आहेत. ‘डिव्हाइड नाइन्टी थाउजंड बिट्वीन द फोरमन अँड हिज टू हेल्पर्स’ असं लिहिलं, तर एक माणूस ते तीन समान भाग समजेल, प्रत्येकी ३०,०००. दुसरा समजेल की एका बाजूला फोरमन आणि दुसऱ्या बाजूला हेल्परची जोडी, म्हणजे फोरमनला ४५,००० आणि हेल्परना प्रत्येकी २२,५००. बिट्वीन काढून अमंग घातलं तर तीन समान भागांकडे कल झुकतो, पण खात्री मिळत नाही. म्हणून पैशाच्या वाक्यात शब्दावर भिस्त ठेवू नका. ‘इन थ्री इक्वल शेअर्स’ असं लिहा किंवा प्रत्येकाच्या नावापुढे रक्कम लिहा.

जाता जाता वेळेचं सांगते. दुपारी १ ते ४ दुकान बंद ठेवण्यासाठी पुणं प्रसिद्ध आहे, तर तीच पाटी इंग्रजीत लिहायची झाली तर ‘बिट्वीन वन अँड फोर’ किंवा ‘फ्रॉम वन टू फोर’. या जोड्या मोडायच्या नाहीत. ‘बिट्वीन वन टू फोर’ असं सर्रास लिहिलं जातं. अर्थ कळतो, पण ते चूक आहे.

‘पर्यंत’ला विचारा: काम संपायचं आहे की चालू राहायचं आहे?

माझ्या मते सगळ्यांत जास्त नुकसान हा शब्द करतो, कारण तो तारखेला चिकटलेला असतो आणि तारखेवर ग्राहकाचं पुढचं सगळं नियोजन उभं असतं.

‘शुक्रवारपर्यंत पाठव.’ ‘शुक्रवारपर्यंत थांब.’ पाठवणं एकदाच घडतं, शुक्रवार किंवा त्याआधी कधीही. थांबणं शुक्रवार येईस्तोवर सतत चालू असतं. एकदाच घडून संपणाऱ्या कामाला बाय, सतत चालणाऱ्या कामाला अंटिल किंवा टिल. पाठवणं, भरणं, पोचणं, संपवणं, कळवणं यांना बाय. थांबणं, राहणं, उघडं असणं, काम करत असणं यांना अंटिल. शंका आली तर मराठी वाक्यात ‘चालू’ घालून बघा. ‘दुकान नऊपर्यंत चालू आहे’ बसतं, म्हणून अंटिल. ‘पैसे नऊपर्यंत भरणं चालू ठेव’ असं आपल्याला म्हणायचं नसतं, म्हणून बाय.

आमच्या मुलाने लिहिलं होतं ‘वी विल रिपेअर द मशीन टिल फ्रायडे’. ग्राहकाने ते वाचलं की यांचे लोक शुक्रवारपर्यंत दुरुस्ती करत बसणार आहेत. शुक्रवारी मशीन तयार मिळणार असं त्यात कुठेच नाही.

नकारात हे आणखी नाजूक होतं. ‘मशीन शुक्रवारपर्यंत तयार होणार नाही.’ मराठीत यातून दोन अर्थ निघू शकतात. एक, शुक्रवार उजाडेस्तोवर वाट बघा, शुक्रवारी मिळेल. दोन, शुक्रवारची मुदत आम्हाला जमत नाही, त्यानंतर कधीतरी. पहिल्यासाठी ‘द मशीन विल नॉट बी रेडी अंटिल फ्रायडे’. हे वाचून ग्राहक शुक्रवारी ट्रक पाठवेल आणि त्यात त्याची काही चूक नसेल. दुसऱ्यासाठी ‘विल नॉट बी रेडी बाय फ्रायडे’. हे वाचून तो नवी तारीख विचारायला फोन करेल. एवढ्याशा शब्दावर ट्रकची एक खेप ठरते.

‘जोपर्यंत, तोपर्यंत’च्या जोडीत मराठीचा आणखी एक धागा इंग्रजीत ओढला जातो. ‘जोपर्यंत पीओ येत नाही, तोपर्यंत काम सुरू होणार नाही.’ मराठीत दोन्हीकडे ‘नाही’ लागतं. इंग्रजीत अंटिलनंतरच्या भागात ते ‘नाही’ येत नाही, कारण अंटिल म्हणजे ‘अमुक घडेस्तोवर’, आणि ‘घडेस्तोवर’मध्ये आपणही ‘नाही’ घालत नाही. म्हणून ‘अंटिल यू सेंड द पीओ’. ‘अंटिल यू डोन्ट सेंड’ म्हणजे ‘तुम्ही पाठवणं थांबवेस्तोवर’ असं काहीतरी विचित्र होतं. ‘येत नाही तोपर्यंत’च्या जागी मनात ‘येईपर्यंत’ म्हणा, आणि मग लिहा. ते ‘नाही’ आपोआप गळून पडतं. ‘पीओ आल्याशिवाय’ असं डोक्यात आलं तर अनलेस वापरा, पण त्यातही नकार आधीच आहे, वरून डोन्ट घालू नका. दोघांत फरक एवढाच की पीओ येणारच आहे, फक्त वेळ बघायची आहे, तिथे अंटिल बरा. येईल की नाही हेच नक्की नसेल तर अनलेस.

एक मर्यादाही सांगते. ‘ओपन अंटिल फ्रायडे’मध्ये शुक्रवार धरला की नाही, यावर इंग्रजी बोलणाऱ्यांतही वाद होतात. मुदतीच्या कागदावर ‘अप टू अँड इन्क्लुडिंग फ्रायडे’ लिहा. अमेरिकेतल्या ग्राहकाचा ‘मंडे थ्रू फ्रायडे’ दिसला तर त्यात शुक्रवार धरलेला असतो. आणि अंटिल फक्त वेळेला लागतो, जागेला नाही. मेट्रो स्वारगेटपर्यंत जाते, ती ‘टू स्वारगेट’ किंवा ‘अॅज फार अॅज स्वारगेट’ जाते, ‘अंटिल स्वारगेट’ नाही.

‘दोन दिवसांत’

हा छोटा आहे पण फसवा आहे. याला विचारा: मुदतीच्या आत, की मुदत संपल्यावर? ‘माणूस दोन दिवसांत येईल’ यात आपला अर्थ असतो दोन दिवसांच्या आत, उद्याही येईल. ‘विल कम इन टू डेज’ वाचणारा मात्र दोन दिवस संपल्यावर, असं समजतो. आज सोमवार असेल तर तो बुधवारी वाट बघेल. आमचा माणूस मंगळवारीच गेटवर पोचला तेव्हा त्याचा गेटपास तयार नव्हता आणि अर्धा दिवस बाहेर गेला. ‘आत’ म्हणायचं असेल तर विदिन.

भूतकाळात मात्र इन बरोबर बसतो. ‘वी रिपेअर्ड इट इन टू डेज’ म्हणजे दोन दिवसांत दुरुस्त केलं, अगदी आपल्यासारखंच. म्हणून तर भविष्यकाळातली चूक लक्षात येत नाही. खरं तर येण्या-जाण्याच्या बाबतीत मी मुलांना दोन्ही शब्द सोडून तारीख लिहायला सांगते. तारखेला दोन अर्थ नसतात.

मराठी जिथे मदत करते

सगळीकडे मराठी अडवते असं नाही. काही फरक आपल्याकडे आधीच आहेत, फक्त ते ओळखायचे. ‘वेळेवर’ म्हणजे ऑन टाइम, ठरल्या क्षणी. ‘वेळेत’ म्हणजे इन टाइम, उशीर होण्याआधी. तसंच अ फ्यू म्हणजे ‘थोडेफार’, आणि नुसतं फ्यू म्हणजे ‘फार थोडे’. ‘अ फ्यू पार्ट्स आर इन स्टॉक’ वाचून ग्राहक ऑर्डर देईल. ‘फ्यू पार्ट्स आर इन स्टॉक’ वाचून तो दुसरीकडे चौकशी करेल. ‘पासून’ला सुरुवात सांगायची असेल तर सिन्स, मोजमाप सांगायचं असेल तर फॉर: ‘सिन्स मंडे’, पण ‘फॉर थ्री डेज’. इथे ‘तीन दिवसांपासून’ऐवजी ‘तीन दिवस झाले’ असं मनात म्हटलं की सिन्स आपसूक सुटतो.

तोच मेल, पुन्हा

आता त्या मुलाच्या वहीत काय व्हायला हवं होतं ते बघू. पहिल्या वाक्यात ‘पर्यंत’खाली रेघ. दुरुस्त होणं एकदाच संपतं, म्हणून बाय. आणि तयार कधी मिळणार हे सांगायचं आहे, तर दुरुस्ती करण्याबद्दल न लिहिता तयार असण्याबद्दलच लिहावं. दुसऱ्यात ‘दोन दिवसांत’खाली रेघ. मेल सोमवारी, ८ तारखेला गेला असं धरू, म्हणजे बुधवार १० पर्यंत कधीही. येणं एकदाच घडतं, पुन्हा बाय, आणि सोबत तारीख. तिसऱ्यात ‘शिवाय’खाली रेघ. ‘वगळून’ बसतं, म्हणून एक्सेप्ट. चौथ्यात ‘येत नाही तोपर्यंत’चं ‘येईपर्यंत’ करायचं आणि डोन्ट काढायचं.

द मशीन विल बी रेडी बाय फ्रायडे, द ट्वेल्थ. अवर टेक्निशियन विल रीच यू बाय वेन्सडे, द टेन्थ. ऑल पार्ट्स एक्सेप्ट द बेअरिंग्ज हॅव सिक्स मंथ्स वॉरंटी. वी कॅनॉट स्टार्ट अंटिल यू सेंड द पीओ.

हे लिहून झाल्यावर मराठी झाकून उलटं वाचताना मात्र एक नवीच अडचण दिसते, आणि ती इंग्रजीची नाही. शुक्रवारी मशीन तयार हवं आणि काम तर पीओ आल्यावरच सुरू होणार. मग पीओ गुरुवारी आली तर? मूळ मराठीतच हे सुटलेलं होतं. म्हणून पहिल्या वाक्याला जोडायचं, ‘इफ वी रिसीव्ह द पीओ बाय द मॉर्निंग ऑफ द टेन्थ’. पीओ मिळणं एकदाच घडतं, तेव्हा इथेही बाय.

तो मुलगा आज आमच्याकडे डिस्पॅच बघतो. त्याच्या टेबलावरच्या वहीत अजूनही मराठी वाक्यं असतात आणि ‘शिवाय’खाली लाल पेनाची रेघ असते. गेल्या महिन्यात त्याने माझाच एक मेल परत आणून दिला. मी ‘विल नॉट बी डिस्पॅच्ड अंटिल मंडे’ लिहिलं होतं. त्याने विचारलं, “मॅडम, माल सोमवारी निघतोय का? माझ्याकडे तर गाडी मंगळवारची आहे.” मी शब्द तसाच ठेवला आणि वार बदलला.